दमेकऱ्यांनो, सकाळी सहाचा हिरवा रंग कालचा असतो

दमा असूनही रोज नेमानं चालायला जाणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

थंडी सुरू झाली की पुण्यात पहाटे साडेपाच-सहाला टेकडीच्या वाटा गजबजतात. कानटोपी, मफलर, हातात काठी, खिशात पंप. मीही त्यातलीच. गेली वीस-बावीस वर्षं दमा माझ्या सोबत आहे, आणि चालणं हे माझ्या औषधाइतकंच महत्त्वाचं आहे असं माझ्या डॉक्टरांनीच मला सांगितलेलं आहे. म्हणून चालणं सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. विनंती एवढीच आहे: मोबाइलवर हवेचा हिरवा रंग दिसला म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी घराबाहेर पडू नका. तो रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आधी समजून घ्या.

मला ते उशिरा समजलं. एका डिसेंबरात सकाळी सहाला मी अ‍ॅप उघडलं. आकडा नव्वदच्या आसपास होता, फिकट हिरवा रंग, "समाधानकारक" असा शेरा. सोबतीण खालून हाक मारत होती, "अगं, हिरवं दाखवतंय ना, चल की!" आम्ही पौड रस्त्याच्या कडेनं निघालो. टेकडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत छातीत शिटी वाजायला लागली आणि अर्ध्या चढावर मला बसावं लागलं. पंप घेतला, वीस मिनिटांनी श्वास मोकळा झाला, पण पुढचे चार दिवस खोकल्यात गेले. मला वाटलं, थंडी बाधली. थंडीचाही वाटा होताच. पण डॉक्टरांनी विचारलं, "तो आकडा कोणत्या वेळचा होता?" मी म्हटलं, "सकाळी सहाचा." ते म्हणाले, "नाही. तो आदल्या पूर्ण दिवसाचा होता."

इथूनच सुरुवात करू. आपल्या देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, २०१५ साली सुरू झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या "समीर" या अ‍ॅपवर तोच दिसतो. शून्य ते ५० म्हणजे चांगली हवा, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, त्यापुढे वाईट, अतिवाईट आणि गंभीर. हवेतल्या वेगवेगळ्या प्रदूषकांचा प्रत्येकी एक आकडा काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा असतो तो एक्यूआय म्हणून दाखवतात. थंडीत आपल्याकडे हा मान बहुतेक वेळा धुळीच्या कणांकडे जातो. त्यात दमेकऱ्यानं लक्ष ठेवायचा तो पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. हे नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

मुद्द्याची गोष्ट अशी की धुळीच्या कणांचा आकडा मागच्या चोवीस तासांची सरासरी काढून ठरतो. दिवसभराच्या हवेचा लेखाजोखा मांडायला ही पद्धत योग्यच आहे. पण तुम्हाला दिवसभराची हवा घ्यायची नसते, पाऊण तासाची घ्यायची असते. सरासरीत काय लपतं ते एका हिशेबानं पाहू. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत.

समजा डिसेंबरातल्या एका दिवशी पीएम २.५ असा होता. रात्री नऊ ते एक, दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम. एक ते सहा, ५५. सकाळी सहा ते दहा, ९०. दहा ते एक, ५०. दुपारी एक ते संध्याकाळी सहा, २५. सहा ते नऊ, पुन्हा ५५. प्रत्येक आकड्याला तासांनी गुणून बेरीज केली आणि चोवीसनं भागलं, तर सरासरी जवळजवळ ५५ येते. भारतीय मापात हिचा निर्देशांक होतो साधारण ९१. रंग हिरवा, शेरा समाधानकारक.

आता तासांकडे बघा. सकाळी सहा ते दहाची ९० मायक्रोग्रॅमची हवा दिवसभर तशीच राहिली असती, तर निर्देशांक २०० झाला असता. ते "मध्यम"चं शेवटचं टोक, आणि दमा असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो असा इशारा या पायरीलाच दिलेला आहे. दुपारी तीनची २५ मायक्रोग्रॅमची हवा दिवसभर राहिली असती, तर निर्देशांक चाळीसच्या घरात, म्हणजे अगदी चांगली हवा. दिवस एकच, गाव एकच, अ‍ॅपवरचा आकडाही एकच. पण सकाळी चालणाऱ्यानं दुपारी चालणाऱ्याच्या साडेतीन पट कण आत घेतले. त्यात भरभर चालताना आपण बसल्यापेक्षा तीन-चार पट हवा ओढतो, आणि दम लागला की तोंडानं ओढतो, म्हणजे नाकाची गाळणीही बाजूला पडते.

हे थंडीतच इतकं का होतं? एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर चढते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. थंडीत आकाश निरभ्र असतं, रात्री जमीन झपाट्यानं निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. रात्रीची शेकोटी, जाळलेला पालापाचोळा, सकाळची वाहनं, सगळं त्या झाकणाखाली साचतं. ऊन चांगलं तापलं की दहा-अकराच्या सुमारास झाकण उचललं जातं. दुपारी हवा खूप उंचापर्यंत घुसळली जाते, म्हणून दुपार ते उतरतं ऊन ही वेळ सर्वांत मोकळी. सूर्य मावळला की झाकण पुन्हा बसू लागतं, आणि नेमकी तेव्हाच ऑफिस सुटल्याची गर्दी रस्त्यावर येते.

म्हणून पहिली गोष्ट अशी करा. अ‍ॅपमधला मोठा आकडा सोडून द्या आणि तासांची आलेखपट्टी शोधा. केंद्रीय मंडळाच्या `airquality.cpcb.gov.in` या संकेतस्थळावर आपलं शहर आणि स्थानक निवडलं की `PM2.5` च्या ओळीत मागच्या चोवीस तासांचे उभे स्तंभ ओळीनं दिसतात. स्तंभांवरच्या आकड्यांची गणितं मांडत बसू नका, उंची बघा. कोणते तास ठेंगणे आणि कोणते उंच, हे सलग सात-आठ दिवस रोज रात्री पाहून वहीत लिहा. थंडीतली हवा चार-आठ दिवस साधारण तोच ताल धरते, त्यामुळे उद्याची वेळ ठरवायला कालचे तास उपयोगी पडतात. कालची सरासरी पडत नाही.

दुसरी गोष्ट दोन अ‍ॅपच्या घोळाची. आमच्या चालण्याच्या गटात यावरून रोज वाद होतो. एकाच्या मोबाइलवर १०० आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर १५४, तेही एकाच वेळी एकाच चौकात. दोघंही खरं सांगत असतात, फक्त त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे भारतीय मापात निर्देशांक १००, समाधानकारक. अमेरिकी मापात तेच ६० म्हणजे १५४, आणि शेरा सगळ्यांच्याच आरोग्याला अपायकारक. आयक्यूएअरसारखी परदेशी अ‍ॅप अमेरिकी माप दाखवतात. घोळ शब्दांतही आहे. स्क्रीनवर `Moderate` असं दिसलं आणि रंग पिवळा असला, तर भारतीय मापात ते १०१ ते २०० असतं, अमेरिकी मापात ५१ ते १००. शब्द तोच, रंग तोच, हवा वेगळी.

यातून वाट सोपी आहे. निर्देशांक बाजूला ठेवा आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम वाचा. बहुतेक अ‍ॅपमध्ये `µg/m³` या खुणेसोबत ते दिलेले असतात. मायक्रोग्रॅम कोणत्याही देशात तेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, आपल्याकडची मर्यादा ६० आहे. मी स्वतःसाठी धरलेला नियम असा: त्या तासाला तीसच्या आत असेल तर मोकळेपणानं चालते, तीस ते साठमध्ये सपाटीवर संथ चालते, साठच्या वर गेलं की त्या वेळी बाहेर पडत नाही. हा माझ्या छातीला जुळलेला नियम आहे. तुमचा कसा ठरवायचा ते पुढे सांगते.

तिसरी गोष्ट. अ‍ॅपला तुमचा रस्ता दिसत नाही. मोजणारं यंत्र कुठल्यातरी एका जागी उभं असतं. तुमचं घर कोथरूडला असेल आणि अ‍ॅप सगळ्या शहराचा एक आकडा दाखवत असेल, तर त्यात हडपसर, भोसरी, कात्रज सगळं मिसळलेलं असतं. म्हणून शहराचा आकडा न बघता आपल्याला सर्वांत जवळचं स्थानक नावानं निवडा. काही अ‍ॅप जिथे यंत्रच नाही तिथलाही आकडा अंदाजानं भरून दाखवतात, तो अंदाज म्हणूनच घ्या. यंत्रंही बिघडतात. तासन्‌तास तोच आकडा हलत नसेल, तर यंत्र अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम पीएम १० पेक्षा जास्त दिसले, तर तो आकडा चूक आहे, कारण बारीक कण हे मोठ्या गटातच मोजलेले असतात. भाग संपूर्णापेक्षा मोठा होत नाही. अशा दिवशी शेजारचं स्थानक बघा.

रस्त्यानं किती फरक पडतो, याचा चांगला दाखला लंडनचा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम दमा असलेल्या साठ प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालवलं. तिथे तेव्हा डिझेलच्या बसगाड्या आणि टॅक्सी धावत. दुसऱ्यांदा त्याच माणसांना जवळच्या हाइड पार्कमध्ये तेवढंच चालवलं. रस्त्यावर चालल्यानंतर त्यांची जोरानं श्वास सोडण्याची क्षमता सहा टक्क्यांपर्यंत खाली आली, बागेत चालल्यानंतर ती घट कितीतरी कमी होती. माणसं तीच, शहर तेच, दमाही तोच. बदलला तो फक्त रस्ता. आपल्यासाठी याचा अर्थ असा की टेकडीवर पोचण्यासाठी पौड रस्त्यानं वीस मिनिटं चालणं हा सौदा तोट्याचा आहे. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी वाहनांच्या धुराचा भार बराच उतरतो. आता मी सोसायट्यांच्या मधल्या गल्ल्यांतून जाते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण सिग्नलला उभ्या बसमागे श्वास धरून थांबावं लागत नाही.

हवामानाचं अ‍ॅपही उघडा, पण त्यात पावसाच्या ढगाचं चित्र बघून बंद करू नका. दोनच ओळी वाचा. पहिली वाऱ्याची. पहाटे वारा जवळजवळ थांबलेला, ताशी चार-पाच किलोमीटरच्या आत, आणि आकाश निरभ्र असेल, तर झाकण घट्ट बसलेलं आहे असं समजा. दुसरी ओळ तापमानाची. रात्री अकरा-बारा अंश आणि दुपारी तीस, असा मोठा फरक दिसला की सकाळ साचलेली असणार. शिवाय थंड, कोरडी हवा स्वतःच दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते. हवा कितीही स्वच्छ असली तरी. तशा दिवशी नाका-तोंडावरून मफलर घ्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. मात्र मफलरनं किंवा कापडी मास्कनं बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ लागतो, तोही वायू अडवत नाही, आणि चढावर त्यातून श्वास घेणं अनेक दमेकऱ्यांना जड जातं.

उन्हाळ्यात हा सगळा हिशेब उलटा होतो, हे विसरू नका. मार्च ते मे कडक उन्हात वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून ओझोन तयार होतो आणि दुपारी तो सर्वांत जास्त असतो. ओझोन श्वासनलिकांना झोंबतो. तेव्हा अ‍ॅपमध्ये `O3` ची ओळ बघा आणि चालणं सकाळी ठेवा. आणि पावसाळ्याच्या शेवटी धूळ कमी असते, आकडे सुंदर दिसतात, तरीही पुष्कळांना त्रास होतो. कारण गाजरगवताचे पराग, ओलाव्यातली बुरशी, यातलं काहीही एक्यूआयच्या आकड्यात मोजलेलं नसतं, आणि बाजूच्या मैदानात पेटवलेल्या कचऱ्याचा धूर दूरच्या यंत्रापर्यंत पोचेलच असं नाही. समोर धूर दिसत असेल तर आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि मागे फिरा.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवेचं यंत्र हवा मोजतं, तुमची छाती मोजत नाही. ती मोजायला पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते, औषधाच्या दुकानात, काही शे रुपयांत. उभं राहून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरानं फुंकायचं. तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तब्येत ठीक असताना दोन-तीन आठवडे मोजलं की तुमचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो. तो ३५० असेल, तर त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे २८०. त्याखाली असलेल्या दिवशी चालणं पुढे ढकला आणि डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पाळा. निम्म्याखाली, म्हणजे १७५ च्या खाली गेला, तर तो चालण्याचा प्रश्नच नाही, लगेच उपचार घ्यायचा प्रश्न आहे.

ही नळी आणि अ‍ॅप एकत्र वापरा. पंधरा दिवस एवढंच करा: निघण्याआधी फुंका, घरी येऊन दहा मिनिटांनी पुन्हा फुंका. परतल्या परतल्या फुंकू नका, कारण चालण्यानं आवळणाऱ्या श्वासनलिका बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी सर्वांत जास्त आवळतात. शेजारी वेळ, रस्ता आणि त्या तासाचे मायक्रोग्रॅम लिहा. माझ्या वहीतला एक दिवस सांगते. सकाळी सात, मोठा रस्ता, ८२ मायक्रोग्रॅम, आधी ३४०, नंतर २८०. म्हणजे सतरा टक्क्यांहून जास्त घट. पंधरा टक्क्यांच्या वर घट दिसली की ते चालणं मला मानवलं नाही असं मी धरते. त्याच आठवड्यात दुपारी चार वाजता, आतल्या गल्लीनं, २८ मायक्रोग्रॅम, आधी ३५०, नंतर ३४०. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. इथे एक सावधगिरी हवी. दमेकऱ्याच्या श्वासनलिका पहाटे मुळातच आवळलेल्या असतात, त्यामुळे सकाळचा "आधीचा" आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नका. त्याच फेरीतल्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतली घट बघा. अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली की तेही "जपून राहा" एवढ्यावर न थांबता नेमकं सांगू शकतात: वेळ बदला, चालण्याआधी पंप घ्या की नको, रोजच्या औषधाची मात्रा पुरते आहे का. अ‍ॅपवर हवा चांगली दिसते म्हणून रोजचा प्रतिबंधक पंप स्वतःहून बंद करू नका. आणि तातडीचा पंप घरी विसरून कधीही निघू नका.

नोकरीमुळे दुपारी चार वाजता ज्यांना जमत नाही, त्यांची अडचण खरी आहे. त्यांनी स्तंभ बघून सकाळचा त्यातल्या त्यात ठेंगणा तास निवडावा, मोठा रस्ता टाळावा, चढ सोडून सपाटीवर चालावं. फारच साचलेल्या दिवशी जिन्यात किंवा घरातल्या घरात चालावं आणि उरलेलं चालणं रविवारच्या दुपारी भरून काढावं. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटंही पहाटेच्या पाऊण तासापेक्षा छातीला सोपी जातात.

चालताना एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येईना, पंप घेऊनही आराम पडेना, किंवा ओठ-नखं निळसर दिसू लागली, तर अ‍ॅप, वही, टेकडी सगळं बाजूला ठेवा. बसा, सोबतच्याला सांगा, १०८ ला फोन करा.

आणि चालण्याचे गट चालवणाऱ्यांना एक विनंती. आपल्यात एक तरी दमेकरी असतोच, पण "सगळे सहाला जमतात" म्हणून तो गप्प बसून सोबत येतो. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने आठवड्यातून निदान दोन दिवस फेरी दुपारी चार वाजता ठेवा. आमच्या गटानं ती ठेवली आहे. माझी सोबतीण आता खालून हाक मारते तेव्हा रंग विचारत नाही. ती विचारते, "फुंकलंस का? किती आलं?"